फोनवर ठरलं, ते लिहून कळवलं का?

(सामुदायिक रेडिओवरून दिलेलं भाषण)



आम्ही मंगळवेढ्याकडच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. आमच्याकडची ज्वारी सगळ्यांना माहीत आहे. त्याच ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगादाण्याची चटणी करून आम्ही विकतो. बहुतेक गिऱ्हाईक पुण्या-सोलापूरचं. ते काही गावात येऊन माल बघत नाही, सगळा व्यवहार फोनवर. तेव्हा आज आम्ही भाकरी कशी करायची ते सांगणार नाही. फोन ठेवल्यावर काय करायचं, एवढंच सांगणार आहोत. हे आम्ही 7,400 रुपये घालवून शिकलो.

झालं असं. पुण्याच्या एका दुकानदार भाऊंचा फोन आला. ते म्हणाले, "भाकरीची दोनशे पाकिटं पाठवा, आणि चटणीची पाव-पाव किलोची दोनशे." आम्ही भाव सांगितला. भाकरीचं पाकीट साठला, चटणीचं ऐंशीला. ते म्हणाले, "चालेल." आम्ही विचारलं, "गाडीभाड्याचं काय?" ते म्हणाले, "ते बघून घेऊ." त्यांनी पाच हजार रुपये विसार पाठवला आणि आम्ही कामाला लागलो.

आमच्या पाकिटात पाच भाकरी असतात. दोनशे पाकिटं म्हणजे हजार भाकरी. नऊ बायांनी आठ दिवस चुली पेटत्या ठेवल्या. माल ट्रॅव्हल्सच्या गाडीने गेला. तिसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला, आवाज चढलेला. "पाकिटात पाचच भाकरी कशा? पाकीट दहाचं असतं!" ते ज्यांच्याकडून आधी माल घ्यायचे, त्यांचं पाकीट दहाचं होतं. त्यांनी दहाचं धरलं, आम्ही पाचचं धरलं. फोनवर दोघांनीही 'पाकीट' हाच शब्द वापरला, म्हणून दोघांनाही वाटलं, ठरलं.

आता हिशोब ऐका. भाकरीचे 12,000 आणि चटणीचे 16,000, असे 28,000 रुपये व्हायला हवे होते. भाऊ म्हणाले, भाकरी निम्मीच आली, म्हणून भाकरीचे 6,000 देतो. शिवाय गाडीभाड्याचे 1,400 त्यांनी भरले होते, तेही कापले. त्यांच्या लेखी "बघून घेऊ" म्हणजे आम्ही भरायचे. आमच्या लेखी ते भरणार होते. हाती आले विसारासकट 20,600. म्हणजे 7,400 कमी.

आम्ही चिडलो. ते खोटं बोलतात असं म्हणालो. तेही आमच्याबद्दल तेच म्हणत असणार. पण मागाहून गटाच्या बैठकीत आमच्या थोरल्या काकूंनी विचारलं, "फोनवर कोणी तरी 'पाच' किंवा 'दहा' हा शब्द काढला होता का?" कोणीच काढला नव्हता. मग खोटं कोण बोललं? कोणीच नाही. आणि आमच्याजवळ दाखवायला एक ओळसुद्धा नव्हती.

मैत्रिणींनो, तोंडी ठरलेला व्यवहार कायद्यातही व्यवहारच असतो. लिहिलेलं नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. पण काय ठरलं होतं, हे नंतर कोण सांगणार? प्रत्येकाला आपल्याला पटलेलं तेवढं आठवतं. म्हणून त्या दिवसापासून आम्ही एक नेम केला. फोनवर काही ठरलं की फोन ठेवल्यावर तासाभरात तेच मुद्दे लिहून गिऱ्हाइकाला पाठवायचे, आणि त्यांचा लेखी होकार आल्याशिवाय दळण टाकायचं नाही.

हे कसं करायचं, ते एका खऱ्या ऑर्डरवरून सांगतो.

मागच्या डिसेंबरात पुण्याच्या एका ताईंचा फोन आला. त्यांच्या घरी वास्तुशांत होती. येणाऱ्या पाहुण्यांना भेट म्हणून भाकरी-चटणी द्यायची होती. आमच्याकडे फोनजवळ एक वही आणि दोरीने बांधलेलं पेन असतं. ताई बोलत होत्या तसं आमच्या सचिव वहीत लिहीत गेल्या. फोन ठेवण्याआधी त्यांनी ते वाचून दाखवलं. ताई म्हणाल्या, "हो हो, बरोबर." इथं आधी आम्ही थांबलो असतो. आता थांबत नाही. अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर हा निरोप गेला:

"नमस्कार ताई. आज गुरुवार, 4 डिसेंबर, सकाळी 11 वाजता आपलं फोनवर जे ठरलं ते असं.
1. ज्वारीची कडक भाकरी: 100 पाकिटं. एका पाकिटात 5 भाकरी, एकूण 500 भाकरी. पाकिटाला 60 रुपये. एकूण 6,000.
2. लसूण घातलेली शेंगा चटणी: 40 पाकिटं. एका पाकिटात पाव किलो, एकूण 10 किलो. पाकिटाला 80 रुपये. एकूण 3,200.
3. सगळे मिळून 9,200 रुपये. विसार 3,000 आज. बाकी 6,200 माल मिळेल त्याच दिवशी.
4. माल रविवार, 7 डिसेंबरला सकाळी स्वारगेटला पोहोचेल. तिथून तुम्ही न्यायचा.
5. गाडीभाडं तुम्ही भरायचं.
6. एक गोष्ट फोनवर बोलायची राहिली. वाटेत काही भाकरी तुटतात. त्यासाठी आम्ही 5 पाकिटं जादा पाठवू, त्यांचे पैसे लावणार नाही. त्याहून जास्त तुटल्या तर त्या आमच्याकडे नाहीत. हे चालेल का?
सगळं बरोबर असेल तर 'बरोबर' असं लिहून पाठवा. काही चुकलं असेल तर आज संध्याकाळपर्यंत सांगा. तुमचं उत्तर आलं की दळण टाकतो."

संध्याकाळी ताईंचं उत्तर आलं. त्यात दोन दुरुस्त्या होत्या. एक, वास्तुशांत 7 तारखेच्या नव्हे, 14 तारखेच्या रविवारी होती, आणि माल त्यांना आदल्या दिवशी, शनिवारी 13 ला हवा होता. दोन, त्यांच्या घरात लसूण चालत नाही, चटणी बिनलसणाची हवी होती. बाकीचं आणि तुटीचं त्यांना मान्य होतं.

बघा, फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ताई "बरोबर" म्हणाल्या होत्या. मग चूक कुठं झाली? त्या म्हणाल्या होत्या, "पुढच्या रविवारी." गुरुवारी 'पुढचा रविवार' म्हटलं की कोणाला येणारा रविवार वाटतो, कोणाला त्याच्या पुढचा. आम्ही वाचून दाखवतानाही 'पुढच्या रविवारी' असंच वाचलं. शब्द तोच राहिला, म्हणून चूक झाकलेली राहिली. निरोप लिहिताना तारीख घालावी लागली, तेव्हा ती उघडी पडली.

लसणाचं तर आणखी वेगळं. त्याबद्दल फोनवर कोणी बोललंच नव्हतं. आमच्याकडे शेंगा चटणी म्हटली की लसूण आलाच, म्हणून आम्ही विचारलं नाही. त्यांच्या घरी चटणीत लसूण नसतो, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. निरोपात 'लसूण घातलेली' हे दोन शब्द नसते, तर 10 किलो चटणी पूजेच्या घरी जाऊन परत आली असती. आणि लसणाची चटणी परत आल्यावर ती विकायची कुठं?

म्हणून आमचा पहिला धडा हा की निरोपात फोनवरचेच शब्द उतरवायचे नाहीत, ते फोडून लिहायचे. 'पाकीट' लिहिलं तर त्यात किती, ते लिहा. आणि पुढं एकूण नग किंवा एकूण वजनही लिहा. 'शंभर पाकिटं' वाचून जो चुकेल, तो 'एकूण 500 भाकरी' वाचून थांबेल. 'परवा', 'पुढच्या रविवारी', 'एकादशीच्या आधी' असं लिहू नका. वार आणि तारीख दोन्ही लिहा. दोन्ही लिहिली की एक चुकली तरी दुसरीशी जुळत नाही आणि चूक लगेच दिसते. आकडा कानाला फसवतो. पंचवीस आणि पस्तीस, सात आणि साठ, रेंज कमी असली की सारखेच ऐकू येतात. म्हणून आकडा अंकात लिहा आणि गुणाकार करून रक्कम मांडा.

काही शब्द फोनवर आले की आमच्या सचिव वहीत त्यांच्याखाली रेघ मारतात. 'नेहमीसारखं', 'साधारण', 'बघून घेऊ', 'तेवढं सांभाळून घ्या'. हे शब्द गोड असतात, पण त्यांनी ठरत काहीच नाही. निरोप लिहिताना रेघ मारलेल्या प्रत्येक शब्दाच्या जागी कोणी, किती, कधी ते लिहायचं. लिहिता येत नसेल, तर ते ठरलेलंच नाही, असं समजायचं.

दुसरी गोष्ट इमानाची आहे. निरोपात फोनवर बोललो तेवढंच ठरलेलं म्हणून लिहायचं. आपल्या सोयीची एखादी अट मध्येच घुसवायची नाही. वर तुम्ही ऐकलं, तुटीचा मुद्दा आम्ही "बोलायचा राहिला" असं सांगून वेगळा लिहिला आणि विचारलं, चालेल का. तोच मुद्दा "ठरलं" म्हणून लिहिला असता आणि ताईंच्या ते लक्षात आलं असतं, तर पुढं आमच्या कोणत्याच निरोपावर त्यांचा विश्वास राहिला नसता. कागद भांडण टाळायला असतो, फसवायला नाही.

तिसरी गोष्ट उत्तराची. निरोप पाठवला, दोन निळ्या खुणा दिसल्या, झालं काम, असं समजू नका. निळी खूण म्हणजे निरोप उघडला एवढंच. तो वाचला, समजला, मान्य केला, असं त्यातून ठरत नाही. अंगठ्याचं चित्र आलं तरी आम्ही परत विचारतो, "ताई, सगळे मुद्दे बरोबर ना? तेवढा एक शब्द लिहून पाठवा." संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर आम्ही फोन करतो, निरोप वाचून दाखवतो, आणि फोनवर हो म्हणाल्या तर पुन्हा एक ओळ पाठवतो: "आज संध्याकाळी 6 वाजता फोनवर बोललो, वरचे सगळे मुद्दे तुम्ही बरोबर म्हणालात." त्यावर गिऱ्हाइकाने विसार पाठवला, तर तोही होकारच. पण नुसत्या गप्प राहण्यावर आम्ही चूल पेटवत नाही.

एखादीला वाटेल, गिऱ्हाईक रागावेल, म्हणेल, विश्वास नाही का? आम्हालाही तशी भीती होती. म्हणून आम्ही शब्द तसे ठेवतो. "तुम्ही असं म्हणाला होतात" असं लिहीत नाही, "आम्ही असं समजलो, बरोबर आहे का" असं लिहितो. त्यात चूक झाली तर ती आमच्या समजण्याची होते, त्यांच्या बोलण्याची नाही. आणि फोन ठेवतानाच सांगून टाकतो, "आमच्या गटात सगळ्यांना कळावं म्हणून लिहून पाठवतो, तेवढं बघून घ्या." हे खरंही आहे. फोन एकटी घेते, पण भाकरी नऊजणी करतात. तोच निरोप आमच्या गटाच्या ग्रुपवरही जातो, म्हणून कोणी लसूण घालत नाही.

आता बदलाचं. ताईंच्या दुरुस्त्या आल्यावर आम्ही "ठीक आहे" एवढंच लिहून सोडलं नाही. सगळा निरोप पहिल्या मुद्द्यापासून शेवटपर्यंत पुन्हा लिहिला. वर लिहिलं, "दुरुस्त निरोप. आधीचा धरू नये." चटणी 'लसूण न घातलेली', माल 'शनिवार, 13 डिसेंबर, सकाळी', बाकी सगळं तसंच. ताईंनी "बरोबर" लिहिलं. सोमवारी त्यांचा परत फोन आला, आणखी 20 पाकिटं भाकरी हवी. पुन्हा पूर्ण निरोप गेला: 120 पाकिटं, 600 भाकरी, 7,200 रुपये. चटणीचे 3,200 धरून 10,400. विसार 3,000 मिळाला, बाकी 7,400. नुसतं "20 वाढवली" असं लिहिलं असतं, तर नंतर प्रश्न आला असता, कशात 20 वाढवली, आणि बाकी किती. शेवटचा एक निरोप वाचला की सगळी ऑर्डर कळली पाहिजे, मागचं उकरायला लागू नये.

आमच्यातल्या तिघींना लिहिता-वाचता येत नाही. तुमच्या गटातही असतील. त्यांनी काय करायचं? वहीचं पान मुलीकडून किंवा सुनेकडून लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढून पाठवा. छान टाईप केलं पाहिजे असं काही नाही. बोलून रेकॉर्ड केलेला निरोपही चालतो, पण तो शोधायला अवघड जातो आणि ऐकणारं अर्ध्यात सोडून देतं. म्हणून बोलून पाठवलं तरी मागोमाग पानाचा फोटो पाठवा. गिऱ्हाइकाकडे साधा फोन असेल तर साधा मेसेज करा. त्यात फक्त नग, रक्कम, तारीख आणि भाडं एवढं घातलं तरी पुरे.

आणि हे जपून कसं ठेवायचं? व्हॉट्सॲपवर काहीजण मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय लावून ठेवतात. ती लावली असेल तर मेसेज 24 तासांत, 7 दिवसांत किंवा 90 दिवसांत जातात. गिऱ्हाइकाच्या नावावर बोट ठेवून एकदा बघून घ्या. शिवाय पाठवणाऱ्याला आपला मेसेज पाठीमागून पुसताही येतो. म्हणून होकार आला की आम्ही लगेच स्क्रीनशॉट काढतो आणि गटाच्या वहीत तारीख, वेळ आणि त्यांचे शब्द लिहून ठेवतो. मूळ मेसेज मात्र पैसे पूर्ण मिळेपर्यंत फोनमधून काढत नाही. वाद वाढून पुढं वरच्या पायरीवर गेला तर फोनमधला मूळ मेसेजच जास्त कामाला येतो. ऑर्डरचा फोन एकाच नंबरवर घ्या. एक ऑर्डर अध्यक्षांच्या फोनवर, दुरुस्ती सचिवांच्या फोनवर, असं झालं की आपल्याच घरात गोंधळ होतो.

एवढं करून सगळं निभतं का? नाही. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत, तो लिहून घेतलं तरी देणार नाही. त्याच्यासाठी विसार जास्त घेणं किंवा माल न देणं, हाच उपाय. लिहिलेल्या निरोपाने एवढंच होतं की काय ठरलं होतं, यावर वाद राहत नाही. पण आमच्या अनुभवात भांडणं पैसे बुडवणाऱ्यांशी कमीच झाली. जास्त झाली ती चांगल्या माणसांशी, दोघांनी वेगवेगळं ऐकलं म्हणून.

ताईंचा माल शनिवारी 13 ला सकाळी पोहोचला. त्याच दुपारी 7,400 रुपये आले. आमच्या काकू हसल्या. म्हणाल्या, "तेवढेच गेले होते की गं!"

आणि ते पहिले दुकानदार भाऊ? वर्षाने त्यांचा परत फोन आला. आम्ही माल द्यायला हो म्हटलं, पण सांगितलं की आधी लिहून पाठवतो. निरोप गेला: एका पाकिटात 5 भाकरी, एकूण एवढ्या, भाडं तुमच्याकडे. भाऊंनी उत्तर दिलं, "पाकीट 10 चंच करा, दर 120 द्या. भाडं निम्मं-निम्मं." आम्ही निम्म्या भाड्याला हो म्हटलं, पूर्ण निरोप परत लिहिला, त्यांनी "बरोबर" लिहिलं. दोन मिनिटांचं काम. हेच आधी केलं असतं, तर मधलं वर्षभराचं वाकडं झालंच नसतं.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या तुमच्या पापडाची, गोधडीची, मसाल्याची ऑर्डर फोनवर आली, तर फोन ठेवल्यावर आधी वही उघडा. पातेलं मागाहून चढवा.

नमस्कार.